छिद्रातून उष्णता येत नाही: ओझोन ऱ्हास आणि तापमानवाढ यांची तुलना कशी लिहावी

"ओझोनच्या थराला छिद्र पडल्यामुळे सूर्याची उष्णता थेट पृथ्वीवर येते आणि त्यामुळे पृथ्वीचे तापमान वाढते."

पर्यावरणाच्या उत्तरपत्रिका तपासताना हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक गठ्ठ्यात सापडतं. लिहिणारा आळशी असतो असं मुळीच नाही. बहुतेक वेळा अक्षर नीट असतं, शेजारी आकृती काढलेली असते आणि मनापासून अभ्यास केलेलाही दिसतो. वाक्यातले दोन्ही तुकडे सुटे घेतले तर खरेही आहेत. ओझोनचा थर विरळ झाला, हे खरं. पृथ्वीचं तापमान वाढतंय, हेही खरं. खोटा आहे तो मधला "त्यामुळे".

हा लेख त्या एका शब्दासाठी आहे. तो का चुकतो हे एकदा कळलं की "फरक स्पष्ट करा", "तुलना करा", "साम्य व भेद सांगा" असे प्रश्न पाठांतराशिवाय सुटतात. अजिबात न वाचलेला प्रश्न समोर आला तरी अडत नाही.

हे वाक्य पटतं तरी का?

कारण आपण दोन चित्रं एकमेकांवर ठेवतो. एका चित्रात पृथ्वीभोवती संरक्षक कवच आहे आणि त्याला भोक पडलंय. दुसऱ्या चित्रात पृथ्वी तापतेय. भोक पडलं की ऊन आत येणार, ऊन आलं की तापणार. छपराचं कौल फुटलं की खोलीत कवडसा पडतो, हा आपला रोजचा अनुभव आहे, म्हणून शंकाही येत नाही.

पण सूर्याकडून येणारं सगळं एकाच जातीचं नसतं. त्यात दृश्य प्रकाश असतो, अवरक्त किरण असतात आणि अतिनील किरण असतात. जमिनीला ऊब मिळते ती मुख्यतः दृश्य प्रकाश आणि जवळच्या अवरक्त किरणांमधून. त्यांना ओझोनचा थर जवळजवळ अडवतच नाही. थर शाबूत असतानाही ते खाली येतात आणि विरळ झाल्यावरही तेवढेच येतात. ओझोन अडवतो ते अतिनील किरण, तेही सगळे नाहीत. अतिनील किरणांचे तीन गट करतात. सर्वांत घातक 'क' गट वातावरणात पूर्णपणे शोषला जातो. 'ब' गट बराचसा शोषला जातो, थोडा खाली पोचतो. 'अ' गट बहुतांश तसाच जमिनीवर येतो. ओझोन कमी झाला की खाली वाढतो तो 'ब' गट.

वातावरणाच्या माथ्यावर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत सगळ्या अतिनील किरणांचा मिळून वाटा साधारण ८ टक्के असतो. त्यातला मोठा भाग 'अ' गटाचा आणि 'ब' गट अगदी थोडा. तो थोडासा वाढला तर त्वचेच्या पेशीतल्या डीएनएला इजा होते, डोळ्यांत मोतीबिंदूचा धोका वाढतो, समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींना त्रास होतो. तरीही पृथ्वीच्या तापमानाचा काटा हलवण्याइतकी ऊर्जा त्यात नसते. किरण घातक असणं आणि किरणाने खूप ऊब आणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोंधळाचं मूळ इथेच आहे.

पहिली पायरी: दोन साखळ्या वेगवेगळ्या लिहा

प्रश्न वाचल्यावर लगेच तक्ता आखायला घेऊ नका. कच्च्या जागेत दोन साखळ्या एकमेकींपासून लांब लिहा आणि प्रत्येक साखळीला तेच तीन प्रश्न विचारा. कोणता वायू? वातावरणात किती उंचीवर? कोणते किरण आणि कोणत्या दिशेने जाणारे?

ओझोनची साखळी अशी आहे. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर, म्हणजे स्थितांबरात, ओझोनचं प्रमाण सर्वांत जास्त असतं. त्यालाच आपण ओझोनचा थर म्हणतो. 'थर' म्हटलं की जाडजूड काही डोळ्यासमोर येतं. प्रत्यक्षात वातावरणाच्या पूर्ण उंचीतला सगळा ओझोन गोळा करून जमिनीवरच्या दाबाला आणि शून्य अंश सेल्सिअसला आणला, तर त्याची जाडी सरासरी ३ मिलिमीटर भरेल. ही जाडी डॉब्सन एककात मोजतात. ३ मिलिमीटर म्हणजे ३०० डॉब्सन.

क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी, हे वायू फ्रिज, एसी, फवाऱ्याचे डबे आणि फोम तयार करण्यासाठी वापरले जात. ते विषारी नाहीत, पेटत नाहीत, कशाशी सहज अभिक्रिया करत नाहीत. हा त्यांचा गुणच शेवटी घातक ठरला. खालच्या हवेत त्यांना तोडणारं काही नसल्यामुळे ते वर्षानुवर्षं टिकून हळूहळू स्थितांबरात पोचतात. तिथल्या तीव्र अतिनील किरणांनी ते फुटतात आणि क्लोरीनचा अणू मोकळा होतो. पुढे काय होतं ते दोन ओळींत लिहिता येतं:

```
Cl + O3 → ClO + O2
ClO + O → Cl + O2
```

दुसऱ्या ओळीचा शेवट नीट पाहा. पहिल्या ओळीत खर्च झालेला क्लोरीन परत मोकळा झालाय. तो लगेच पुढचा ओझोन रेणू धरतो. एक क्लोरीन अणू या फेऱ्यात साधारण एक लाख ओझोन रेणू मोडू शकतो, असं मानलं जातं. म्हणून सीएफसीचं प्रमाण हवेत अगदी नगण्य असूनही नुकसान मोठं झालं. या दोन ओळी उत्तरात आल्या तर परीक्षकाला कळतं की तुम्हाला साखळी समजली आहे. मात्र त्या समजूनच लिहा, कारण पाठ केलेल्या समीकरणात बाण उलटा पडतो आणि ते लगेच दिसतं.

ही शक्यता मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी १९७४ मध्ये मांडली. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या हॅली केंद्रातल्या मोजमापांवरून दाखवून दिलं की तिथे दर वसंतात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ओझोन प्रचंड घटतो. तिथेच का? कारण ध्रुवावरच्या लांब रात्री स्थितांबर उणे ७८ अंश सेल्सिअसच्याही खाली जातं, त्या थंडीत विशेष प्रकारचे ढग तयार होतात आणि त्यांच्या कणांवर निष्क्रिय क्लोरीन सक्रिय होऊन बसतो. वसंतात सूर्य उगवला की विध्वंस सुरू होतो. २२० डॉब्सनपेक्षा कमी ओझोन असलेल्या भागाला 'छिद्र' म्हणतात. म्हणजे तिथेही थर पूर्ण नाहीसा झालेला नसतो, खूप पातळ झालेला असतो. 'छिद्र' हा शब्द सोयीचा आहे, पण त्यानेच कौलातल्या भोकाचं चित्र मनात घट्ट बसवलं.

आता तापमानवाढीची साखळी. सूर्यप्रकाश जमिनीवर येतो, जमीन आणि समुद्र तापतात आणि ती ऊब अवरक्त किरणांच्या रूपात परत वर सोडतात. हे किरण लांब तरंगलांबीचे असतात आणि त्यांची दिशा खालून वर असते. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड, पाण्याची वाफ हे वायू सूर्याच्या प्रकाशाला फारसे अडवत नाहीत, पण या वर जाणाऱ्या किरणांना शोषतात आणि त्यातली काही ऊर्जा पुन्हा खाली पाठवतात. हे मुख्यतः तपांबरात, म्हणजे आपण राहतो त्या खालच्या थरात घडतं. कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळल्याने आणि जंगलतोडीने कार्बन डायऑक्साइड वाढतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर १९५८ मध्ये सलग मोजणी सुरू झाली तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता. आता तो ४२० च्या वर गेलाय. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचं सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत सुमारे १.१ अंश सेल्सिअसने जास्त होतं.

जाता जाता एक गोष्ट. 'हरितगृह परिणाम' हे नावही थोडं फसवतं. काचेचं घर मुख्यतः गरम हवा वर निघून जाऊ देत नाही म्हणून उबदार राहतं. वातावरणातले वायू हवेला कोंडत नाहीत, ते किरण शोषतात. मला 'पांघरूण' ही उपमा जास्त जवळची वाटते, कारण पांघरूण स्वतः ऊब तयार करत नाही, अंगातून निघणारी ऊब बाहेर जायला उशीर लावतं. ओझोनला मग छत्री म्हणा. छत्री वरून येणारं अडवते, पांघरूण आतून बाहेर जाणारं. एवढा फरक डोक्यात बसला की वरचा "त्यामुळे" हातून सुटतोच.

दुसरी पायरी: "त्यामुळे" तपासून पाहा

मी वर्गात सांगितलेलं नुसतं मान्य करू नका. "छिद्रामुळे तापमान वाढतं" हे खरं असतं तर काय काय दिसायला हवं होतं, ते आपणच ठरवू आणि मग प्रत्यक्षात काय दिसतं ते पाहू.

तसं असतं तर तापमान सर्वांत वेगाने अंटार्क्टिकावर, तिथल्या वसंतात वाढलं असतं. प्रत्यक्षात सर्वांत वेगाने तापतोय तो उत्तर ध्रुवाकडचा आर्क्टिक प्रदेश, जिथे ओझोनचं नुकसान अंटार्क्टिकाच्या मानाने बरंच कमी आहे. तिथली वाढही शरद आणि हिवाळ्यात सर्वांत ठळक दिसते, जेव्हा सूर्य क्षितिजाजवळ असतो किंवा उगवतच नाही. ऊन नाही तिथे छिद्रातून येणार तरी काय?

दुसरी कसोटी काळाची. ओझोन थराची हानी १९९० च्या दशकात कळसाला पोचली आणि त्यानंतर तो अगदी हळूहळू सावरू लागला आहे. तापमान मात्र त्याच काळात चढतच राहिलं. कारण आणि परिणाम असे उलट दिशांना जात असतील तर नात्यातच गडबड आहे.

तिसरी कसोटी मला सर्वांत सुंदर वाटते. गेल्या काही दशकांत खालचं तपांबर तापत गेलं आणि वरचं स्थितांबर थंड होत गेलं. सूर्याकडून जास्त ऊर्जा आत येत असती तर दोन्ही तापले असते. स्थितांबर थंड होण्यामागे दोन कारणं आहेत. तिथला ओझोन कमी झाल्यामुळे अतिनील किरण शोषून तापणारा वायूच कमी झाला, आणि वाढलेला कार्बन डायऑक्साइड त्या उंचीवर ऊर्जा अवकाशात सोडायला मदत करतो. म्हणजे ओझोन ऱ्हासाचा तापमानावर परिणाम होतो, पण वर, आणि थंडावा आणणारा. पृष्ठभागावरही त्याचा एकूण परिणाम किंचित थंडाव्याकडेच झुकतो, कारण स्थितांबरातला ओझोन स्वतःही थोडाफार हरितगृह वायू आहे.

ही तिसरी कसोटी वरच्या वर्गांसाठी आहे. दहावीपर्यंतच्या उत्तरात पहिल्या दोन पुरेत.

तिसरी पायरी: प्रश्नातलं क्रियापद वाचा

"फरक स्पष्ट करा" असेल तर फक्त भेद हवे आहेत, साम्य लिहिण्यात वेळ घालवू नका. "तुलना करा" किंवा "साम्य व भेद सांगा" असेल तर दोन्ही हवेत, आणि साम्याचा एकही मुद्दा नसेल तर तिथले गुण जाणारच. "संबंध स्पष्ट करा" हा सर्वांत अवघड, कारण तिथे दोन्ही घटना एकमेकींना कुठे शिवतात ते सांगायचं असतं आणि तिथेच मुलं त्या जुन्या चुकीच्या वाक्याकडे धाव घेतात.

गुणही पाहा. तीन गुणांच्या फरकाला तीन पक्के मुद्दे लागतात. चौथा मुद्दा वाढवून फायदा नाही, पण पहिल्या तिघांपैकी एक अर्धवट असेल तर नुकसान आहे.

चौथी पायरी: मुद्दा आधी ठरवा, बाजू नंतर भरा

इथे मी सर्वांत जास्त थांबणार आहे, कारण विषय पूर्ण येत असूनही गुण इथेच जातात.

एका विद्यार्थ्याचा तक्ता मला आठवतो. डावीकडे लिहिलं होतं, "ओझोन ऱ्हास सीएफसी वायूंमुळे होतो." त्याच ओळीत उजवीकडे, "जागतिक तापमानवाढीमुळे हिमनद्या वितळतात." दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. पण हा फरक झाला का? डावीकडे कारण सांगितलंय, उजवीकडे परिणाम. हे म्हणजे एकाची उंची आणि दुसऱ्याचं वजन सांगून "बघा, दोघं वेगळे आहेत" म्हणण्यासारखं आहे. त्याला अर्धा गुण मिळाला, आणि तो मला विचारायला आला की चूक काय आहे. त्याचं म्हणणं योग्य होतं, चूक तर कुठेच नव्हती. ती दोन वाक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत होती.

म्हणून तक्त्यात तीन रकाने आखा, दोन नव्हे. पहिला रकाना 'मुद्दा' असा. तो आधी भरा आणि बाकीचे दोन झाकून ठेवा. या विषयात कामाला येणारे मुद्दे फार नाहीत: मुख्य वायू, वातावरणाचा थर, कोणते किरण आणि त्यांची दिशा, सजीवांवरचा परिणाम, आणि उपाय. मुद्दा ठरला की दोन्ही बाजूंना त्या एकाच प्रश्नाचं उत्तर द्या.

एक सोपी चाचणी आहे. ओळ लिहून झाली की दोन्ही बाजू जोडून "तर" घालून वाचा. "ओझोन ऱ्हासात वरून येणाऱ्या अतिनील किरणांना अडवणारा वायू कमी होतो, तर तापमानवाढीत खालून जाणाऱ्या अवरक्त किरणांना अडवणारे वायू वाढतात." वाक्य सरळ वाचलं जातं, म्हणजे ओळ जमली. आता हिमनदीवाली ओळ "तर" घालून वाचा. जीभ अडखळते. ती अडखळली की समजा, मुद्दा घसरला.

वरच्या चांगल्या ओळीत एक गोष्ट आपोआप पुढे आली ती निसटू देऊ नका. एका घटनेत उपयोगी वायू कमी होतो, दुसरीत उष्णता धरणारे वायू जास्त होतात. एक घट आहे, एक वाढ आहे. हा भेद पुस्तकी तक्त्यांत क्वचित दिसतो आणि माझ्या मते तो सर्वांत मुळाशी जाणारा आहे.

उपायांच्या ओळीत हमखास सरमिसळ होते. "झाडे लावा, वाहने कमी वापरा" हे ओझोनच्या बाजूला लिहिलेलं असतं. झाडं कार्बन डायऑक्साइड घेतात, सीएफसी नाही. ओझोनसाठीचा उपाय म्हणजे क्लोरीन आणि ब्रोमीन असलेल्या त्या ठरावीक रसायनांचं उत्पादन आणि वापर थांबवणं. त्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. तापमानवाढीसाठी १९९७ चा क्योटो करार आणि २०१५ चा पॅरिस करार. पहिल्याचं यश ठळक आहे: धोरणं अशीच राहिली तर जगाच्या बहुतेक भागात ओझोनचा थर २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असा अंदाज आहे. हे जमलं कारण सीएफसी बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या आणि पर्यायी रसायनं मिळाली. कोळसा आणि तेल मात्र वीज, वाहतूक, सिमेंट, पोलाद अशा सगळ्याच्या मुळाशी आहेत. हे कारण एका वाक्यात लिहिलंत तर उपायांच्या ओळीला वजन येतं.

परिणामांच्या ओळीतही एकदा थांबून पाहा. त्वचेचा कर्करोग आणि मोतीबिंदू ओझोनच्या बाजूला. समुद्रपातळी, हिमनद्या, उष्णतेच्या लाटा तापमानवाढीच्या बाजूला. उन्हाळा कडक झाला म्हणून त्वचेचा कर्करोग वाढतो, असं लिहिलेलं मी वाचलंय. हवा किती गरम आहे यावर अतिनील किरणांची मात्रा ठरत नाही. बर्फाच्छादित डोंगरावर थंडीतही त्वचा भाजते ती त्यामुळेच.

पाचवी पायरी: साम्य खरं असावं

"दोन्ही पर्यावरणाच्या समस्या आहेत" हे साम्य नाही, ते प्रश्नपत्रिकेनेच सांगितलंय. प्लास्टिकही पर्यावरणाची समस्या आहे. खरं साम्य तेच, जे या दोघांना जोडतं आणि प्रत्येक समस्येला लागू पडत नाही.

असं एक भक्कम साम्य सीएफसीतच आहे. सीएफसी ओझोन मोडतो आणि तोच जबरदस्त हरितगृह वायूही आहे. जुन्या फ्रिजमध्ये वापरला जाणारा सीएफसी-१२ घ्या. त्याचा एक किलो हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या काळात तो जितकी उष्णता अडकवतो, तितकी अडकवायला दहा हजार किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड लागतो. तो हवेत साधारण शतकभर टिकतो. म्हणजे वायू एक, पण कामं दोन आणि ती दोन वेगळ्या थरांत. स्थितांबरात फुटून ओझोन मोडणं हे एक, आणि न फुटता खालून येणारे अवरक्त किरण शोषणं हे दुसरं.

आता याच धाग्याचं दुसरं टोक. सीएफसीच्या जागी पुढे एचएफसी वायू आले. त्यांत क्लोरीन नाही, म्हणून ओझोनला त्यांचा धोका जवळजवळ नाही. पण ते हरितगृह वायू आहेत. गाड्यांच्या एसीत वापरला जाणारा एचएफसी-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे ते पंधराशे पट परिणामकारक आहे. एक समस्या सोडवताना दुसरीत भर पडू लागली, म्हणून २०१६ मध्ये किगाली इथे माँट्रियल करारात दुरुस्ती करून एचएफसी टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं. त्यामुळे या शतकाच्या अखेरीपर्यंत ०.३ ते ०.५ अंश तापमानवाढ टळेल, असा अंदाज आहे. दोन्ही समस्या एकच आहेत असं समजणाऱ्याला ही गोष्ट उलगडूच शकत नाही. समस्या एकच असत्या तर एचएफसीने दोन्ही सुटल्या असत्या.

नायट्रस ऑक्साइड हेही असंच दुहेरी उदाहरण आहे. तो हरितगृह वायू आहे आणि स्थितांबरात जाऊन ओझोनही कमी करतो. मोठ्या गुणांच्या प्रश्नात त्याचा एक उल्लेख पुरे.

एक उत्तर दुरुस्त करून पाहू

प्रश्न: ओझोन थराचा ऱ्हास आणि जागतिक तापमानवाढ यांची तुलना करा. (५ गुण)

नेहमी येणारं उत्तर असं: "प्रदूषणामुळे ओझोन थराला छिद्र पडले आहे. त्यातून सूर्याची हानिकारक किरणे येतात व तापमान वाढते. कार्बन डायऑक्साइडमुळे ओझोन नष्ट होतो. यामुळे त्वचारोग होतात व बर्फ वितळतो. दोन्ही समस्या मानवनिर्मित आहेत. आपण झाडे लावली पाहिजेत."

वाक्यावाक्याने पाहू. "प्रदूषणामुळे" फार मोघम आहे, तिथे सीएफसीचं नाव हवं. दुसऱ्या वाक्यात "व तापमान वाढते" हा आपला जुना "त्यामुळे" आहे, तो खोडायचा. तिसरं वाक्य सरळ चूक आहे, कार्बन डायऑक्साइड क्लोरीनसारखा ओझोन मोडत नाही. चौथ्यात दोन घटनांचे परिणाम एकाच "यामुळे"ला टांगलेत. पाचवं बरोबर आहे, पण कोणत्या कृतीमुळे ते सांगितलेलं नाही. सहाव्यातला उपाय एकाच बाजूचा आहे. पाचपैकी यात मी एकच गुण देऊ शकतो.

आता तेच उत्तर तीन रकान्यांच्या शिस्तीने, पण परिच्छेदात:

"ओझोन थराचा ऱ्हास प्रामुख्याने सीएफसीसारख्या क्लोरीनयुक्त वायूंमुळे होतो, तर जागतिक तापमानवाढ मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, मिथेन या हरितगृह वायूंच्या वाढीमुळे होते. ओझोनचा ऱ्हास स्थितांबरात घडतो, तर हरितगृह परिणाम प्रामुख्याने तपांबरात घडतो. ओझोन कमी झाल्याने सूर्याकडून येणारे अतिनील-ब किरण जमिनीवर अधिक प्रमाणात पोचतात, तर हरितगृह वायू जमिनीकडून अवकाशात जाणारे अवरक्त किरण शोषून उष्णता धरून ठेवतात. पहिल्यामुळे त्वचेचा कर्करोग व मोतीबिंदू यांचा धोका वाढतो, तर दुसऱ्यामुळे हिमनद्या वितळून समुद्रपातळी वाढते. दोन्ही घटना मानवाने हवेत सोडलेल्या वायूंमुळे घडतात. सीएफसी हा वायू दोहोंना कारणीभूत आहे, कारण तो ओझोन नष्ट करतो आणि हरितगृह वायूही आहे. मात्र ओझोनचा ऱ्हास हे तापमानवाढीचे मुख्य कारण नाही."

चार भेद, दोन साम्यं आणि शेवटी गोंधळ मोडणारं एक वाक्य. उपायांची ओळ मी मुद्दाम सोडली, कारण पाच गुणांत एवढं पुरेसं आहे. सात-आठ गुणांचा प्रश्न असेल तर माँट्रियल आणि पॅरिस करारांची ओळ जोडा. शेवटच्या वाक्यातला 'मुख्य' हा शब्द काढू नका. "काहीच संबंध नाही" असं लिहिणंही चूकच आहे, कारण संबंध आहे, फक्त तो छिद्रातून येणाऱ्या उन्हाचा नाही.

कागद देण्याआधी अर्धं मिनिट ठेवा. उत्तरातला प्रत्येक "त्यामुळे", "यामुळे", "म्हणून" बोटाने शोधा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे शब्द एकाच साखळीतले आहेत का, एवढंच पाहा. एका बाजूला अतिनील आणि दुसऱ्या बाजूला तापमान असेल तर तिथे खोडा.

सरावासाठी एक प्रश्न

"ओझोनचा थर २०६६ पर्यंत पूर्ववत झाला, तर जागतिक तापमानवाढ थांबेल का? कारणासह लिहा."

सुरुवात "नाही" या शब्दाने करा. मग कारण: तापमानवाढ अवरक्त किरण शोषणाऱ्या वायूंच्या प्रमाणावर ठरते, ओझोन थराच्या जाडीवर नाही, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड वाढत राहिला तर थर भरून आल्यावरही तापमान वाढत राहील. मग पूल: थर भरून यावा म्हणून बंद केलेले सीएफसी स्वतः हरितगृह वायू असल्याने, त्यांच्या बंदीने काही तापमानवाढ नक्कीच टळली. या उत्तरात दोन "त्यामुळे"सारखे शब्द आले आहेत. दोन्ही बोटाने तपासून पाहा, दोन्ही आपापल्या साखळीतच आहेत.